मिलीमामा

मामांना 'थोडंसं' हा शब्द सहन होत नाही. 'थोडंसं टाक', 'जरासं ओत', 'बेतानं घाल' असं कोणी म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठते आणि प्रश्न येतो, "थोडंसं म्हंजे किती मिली?" हा प्रश्न त्यांनी कामावर आलेल्या नव्या पोरांना विचारला आहे, जनरल मॅनेजरसाहेबांना विचारला आहे आणि पुतणीच्या लग्नात 'रस्सा थोडाच वाढा' म्हणणाऱ्या व्याह्यांनाही विचारला आहे. तेव्हापासून हॉटेलात त्यांचं नाव मिलीमामा पडलं. मॅनेजरसाहेब बाहेर 'मिस्टर' वगैरे म्हणतात, पण अडचण आली की तेही 'मामांना बोलवा' असंच सांगतात.

आमचं हॉटेल कोल्हापुरातलं. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली कुटुंबं, लग्नाची वऱ्हाडं आणि रात्री तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून तसल्याच हातांनी टॉवेल धरणारी मंडळी हे आमचं गिऱ्हाईक. त्यामुळे कुंकू, हळद, तेल आणि रस्सा या चारही आघाड्यांवर मामांचं हाऊसकीपिंग खातं बाराही महिने लढत असतं. मी हिशेबखात्यातला. केमिकलची बिलं माझ्या टेबलावरून जातात, म्हणून मामांशी माझा संबंध आला आणि तो मिलीलिटरमध्येच राहिला.

मामांच्या शर्टाच्या खिशात तीन गोष्टी कायम असतात: न पुसणारा मार्कर, चिकटपट्टीचं रीळ आणि २० मिलीचं मापाचं झाकण. मोबाइल विसरला तर ते तसेच राहतात. झाकण विसरलं तर रंकाळ्यापासून परत घरी जातात. कमरेला स्टोअरची किल्ली. ती ते कोणाला देत नाहीत. बायकोलाही दाखवतात फक्त.

मामा येण्याआधी आमच्याकडे अंदाजाचं राज्य होतं. पोछ्याच्या बादलीत कॅन वाकडा करायचा, 'गुळुक गुळुक' असा आवाज ऐकायचा आणि मनाला बरं वाटलं की थांबायचं. वरून घोषवाक्य होतं, 'जास्त फेस, जास्त साफ.' मामांनी पहिल्याच आठवड्यात लॉबी पुसणाऱ्या पोराला बोलावलं, समोर मापाचं भांडं ठेवलं आणि म्हणाले, "रोज घालतोस तेवढं घाल." पोरानं ओतलं. ७०० मिली. "परत घाल, तेवढंच." पोरानं ओतलं. ४५० मिली. बादली १० लिटरची आणि कॅनवरचं लेबल सांगत होतं, एका लिटर पाण्याला २० मिली. म्हणजे हवे होते २०० मिली. पोराच्या दोन्ही अंदाजांत अडीचशेचा फरक होता आणि दोन्ही अंदाज चूक होते.

"मग काय झालं, मामा? जरा जास्तच गेलं की," पोरगं म्हणालं.

मामांनी त्याला लॉबीतून चालायला लावलं. बुटांचा चिक-चिक आवाज येत होता. सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारपर्यंत पावलं उमटायची आणि 'फरशी मळते' म्हणून संध्याकाळी आणखी केमिकल घालून पुसायचे. मामांनी कोपऱ्यात नुसतं साधं पाणी ओतलं आणि पांढऱ्या फडक्यानं घासलं. फरशीतून फेस आला. "हे कुठनं आलं? पाण्यात तर काय न्हाई!"

पाणी वाळून जातं, साबण मात्र वाळून जात नाही. तो फरशीवर चिकट थर करून बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बुटांची धूळ धरून ठेवतो. आमची लॉबी साफ करण्याच्या नादात मळत होती. मामांनी केमिकल पूर्ण बंद केलं. साधं पाणी, पोछा, पाणी बदला, पुन्हा पोछा, असं घासल्यावर फेस यायचा थांबेपर्यंत चाललं, आणि मगच २०० मिलीवर काम सुरू झालं. त्या महिन्याचं बिल बघून मी मामांना विचारायला गेलो की माल कमी आला का. त्यांनी मला खुर्ची दिली नाही, हिशेब दिला. "लिटरला २० मिलीनं पाच लिटरचा एक कॅन २५० लिटर पाण्याला पुरतो. पोराच्या सातशेनं तोच कॅन सात बादल्यांत संपतो. आता तुम्ही हिशेबखात्यातलं. करा भागाकार."

बादलीचं भागलं, पण स्प्रे बाटली वेगळी. ती ७५० मिलीची आणि तिला १५ मिली लागतात. २० मिलीच्या झाकणानं १५ कसे मोजायचे, यावर स्टाफमध्ये दोन तट पडले. मामांनी मार्कर काढून प्रत्येक बाटलीवर दोन रेघा मारल्या. खालच्या रेघेपर्यंत पाणी, वरच्या रेघेपर्यंत केमिकल. वाद संपला. आधी पाणी आणि मग केमिकल हा क्रमही त्या रेघांनीच ठरवून टाकला. उलटं केलं तर नळाच्या धारेनं फेस उसळतो, बाटली भरल्यासारखी वाटते, अर्धी भरते, आणि कडक केमिकलचे शिंतोडे तोंडावर येतात ते वेगळेच.

रेघेनंतर चिकटपट्टी. मामांच्या राज्यात बिनलेबलाची बाटली म्हणजे बेवारस. लेबलवर पाच गोष्टी हव्यात: नाव, माप, बनवल्याची तारीख, धोका काय तो, आणि बनवणाऱ्याची सही. 'निळं पाणी' हे नाव चालत नाही. आमच्या धंद्यात 'आर-वन', 'आर-टू', 'आर-सिक्स' अशी नावं रुळलेली आहेत. वन बाथरूमचं, टू सगळीकडे चालणारं, थ्री काचेचं आणि सिक्स संडासच्या भांड्याचं. यातलं सिक्स आम्लाचं, पाणी न घालता वापरायचं. पण मामा नुसता आकडाही मान्य करत नाहीत. आकड्याच्या खाली मराठीत 'भांड्याचं. आम्ल. हातमोजे.' असं ठळक लिहायला लावतात, कारण ट्रॉली ढकलणाऱ्या मावशीनं इंग्रजी आकडा ओळखावा, ही अपेक्षा त्यांना असुरक्षित वाटते.

बिनलेबलाच्या बाटलीपेक्षाही त्यांचा राग आहे पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर. गिऱ्हाईक खोलीत बाटली टाकून जातं. ती फुकट असते, झाकण घट्ट बसतं, हातात मावते. तिच्यात पातळ केलेलं केमिकल भरून ट्रॉलीला अडकवायचा मोह कोणत्या हाऊसकीपिंगला सुटला आहे? आणि तहान लागलेल्या माणसाला पाण्याच्या बाटलीत पाणीच दिसतं. मामांनी हुकूम काढला: चेक-आऊटच्या खोलीतली प्रत्येक बाटली आधी चेपायची, मगच कचऱ्यात टाकायची. सकाळी अकरानंतर दुसऱ्या मजल्यावर बाटल्या चेपण्याचा जो कडकडाट होतो, तो ऐकून नव्या गिऱ्हाइकांना शेजारी कोणाचं तरी भांडण चालू आहे असं वाटतं.

लेबलाच्या चिकटपट्टीचा उपद्रव घरापर्यंत गेला. मामींच्या डब्यांवर नाव आणि तारखा आल्या. हिंगाच्या डबीवर 'तीव्र' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. मामींनी एक दिवस मार्कर घेऊन मामांच्या बनियनवर तारीख घातली, तेव्हा घरातली मोहीम आटोक्यात आली.

स्टोअर हे मात्र त्यांचं खरं देवघर. चप्पल बाहेर काढायला लावत नाहीत एवढंच. आत गेलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की डोळ्यांच्या वर एकही पातळ केमिकल नाही. वरच्या फळीवर टिश्यूचे गठ्ठे आणि झाडू. पाच लिटरचे कॅन सगळ्यात खाली. "वरचा कॅन काढताना झाकण सैल निघालं, तर माल कुठं पडतो? तोंडावर. खालचा सांडला तर? ट्रेमध्ये." प्रत्येक कॅनखाली उथळ प्लास्टिकचा ट्रे आहे. दाराजवळ डोळे धुवायला नळ, आणि तो चालतो का हे मामा रोज सकाळी स्वतः पाहतात. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं डोळा धरायचा, हे भिंतीवर लिहिलेलं आहे. त्याखाली मामांच्या अक्षरात जोड: 'घड्याळ बघून. अंदाजानं नाही.'

आर-सिक्स आणि हायपो यांची कपाटं दोन टोकांना. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, लाँड्रीत पांढऱ्या चादरींना लागतं ते. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावांना एका खोलीत झोपवणार नाही, तसं मामा या दोघांना एका फळीवर ठेवत नाहीत. एकात आम्ल, दुसऱ्यात क्लोरीन बांधलेलं. दोन्ही एकत्र सांडले की क्लोरीन वायू मोकळा होतो. हायपोला ऊन आणि उष्णताही सोसत नाही. नुसतं ठेवून ठेवूनही त्याचा जोर उतरतो. म्हणून ते अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात, आधी आलेला कॅन आधी बाहेर अशा रांगेत, आणि किल्ली फक्त लाँड्रीवाल्याकडे. मजल्यावरच्या पँट्रीत हायपो न्यायलाच बंदी.

ही बंदी एकदा मोडली. एका मजल्यावरच्या पोरानं भांड्यात आर-सिक्स फिरवलं, डाग गेला नाही, म्हणून लाँड्रीतून मागून आणलेलं हायपो वरून ओतलं. दोन औषधं, दुप्पट गुण, असा त्याचा हिशेब. बाथरूममधून पोहण्याच्या तलावासारखा झणझणीत वास आला आणि पोरगं खोकायला लागलं. मामा कॉरिडॉरमध्येच होते. त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, खोलीच्या खिडक्या उघडल्या, दार लावून घेतलं आणि कोणालाही आत वाकून बघू दिलं नाही. "अजून काय तरी ओतून बघू का?" असं कोणी तरी म्हणालं. मामांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून त्या माणसाच्या लक्षात आहे. पोराला डॉक्टरकडे नेलं, तो ठणठणीत परत आला आणि मामांनी त्याला एक शब्दही रागावून न बोलता लाँड्रीवाल्याला अर्धा तास झापलं. त्यांचं म्हणणं, पोरानं चुकीचं ओतलं ते शिकवायचं राहिलं म्हणून; पण लाँड्रीवाल्यानं किल्ली फिरवली ती सगळं माहीत असून.

तेव्हापासून मामांच्या शिकवणीला धार आली. दर मंगळवारी ब्रीफिंगनंतर पाव तास. पहिल्या दिवशी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद वाटतात. त्यावर आर-सिक्सचा थेंब: कागद पिवळाच. किचनमधल्या तेलकट डागांच्या क्षारयुक्त केमिकलचा थेंब: कागद लालसर. "ज्याच्यानं लाल होतंय ते अल्कली. ते हाताचं तेल काढून कातडं फाडतंय. ज्याच्यानं पिवळंच राहतंय ते साधं असल, न्हाई तर आम्ल असल. कुठलं, ते कागद सांगत न्हाई, लेबल सांगतंय." मावश्यांना हे लगेच पटतं, कारण साबण लागला की चादरीवरचा हळदीचा डाग लाल का होतो, हे कोडं त्यांना आयुष्यभर पडलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी कडप्प्याचा तुकडा. त्यावर आर-सिक्सचा थेंब टाकला की बुडबुडे येतात, पुसल्यावर तिथं फिकट डाग. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर, तिन्ही आम्लाला बळी पडणारे दगड. डाग दिसतो तो मळ नसतो, दगडच खाल्लेला असतो, मग कितीही घासा. "आता सांगा, वॉश बेसिनच्या कडप्प्यावर आर-सिक्स मारणार?" सगळे 'नाही' म्हणतात. मामांना 'नाही' पुरत नाही. 'समजलं का?' हा प्रश्न त्यांनी शिकवणीतून हद्दपार केला आहे, कारण त्याचं उत्तर माणूस न समजता देऊ शकतो. ते म्हणतात, "करून दाखव." मग मावशीला हातमोजे घालून, रेघेपर्यंत पाणी, रेघेपर्यंत केमिकल, लेबल, तारीख, सही असं सगळं करून दाखवावं लागतं. दोन औषधं मिसळण्याचा धडा मात्र ते करून दाखवत नाहीत. त्या दिवशी फक्त तेव्हा खोकलेलं पोरगं सगळ्यांसमोर उभं करतात.

फडक्यांचं प्रकरण वेगळंच. लाल फडकं संडासच्या भांड्याला आणि तिथल्या फरशीला. पिवळं बेसिनला आणि बाथरूमच्या बाकीच्या भागाला. निळं खोलीतल्या टेबल-खुर्च्यांना. हिरवं पँट्रीला आणि पेल्यांना. हे कोल्हापुरी डोकं नव्हे. इंग्लंडमधल्या सफाई व्यवसायातली ही वाटणी बरीच हॉटेलं वापरतात. संडास पुसलेल्या फडक्यानं पेला पुसला जाऊ नये एवढाच त्यामागचा हेतू, आणि पेला चकाकतो म्हणून गिऱ्हाइकाला ते कधीच कळत नाही, ही त्यातली भीती.

एक मावशी हॉस्पिटलमधून आमच्याकडे आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पिवळ्या फडक्याला हात लावायला नकार दिला. तिथल्या तक्त्यात पिवळा म्हणजे संसर्गाच्या, वेगळ्या ठेवलेल्या पेशंटची खोली. "मी न्हाई ते बेसिनला लावणार," त्या म्हणाल्या. सुपरवायझर चिडला. मामा मात्र इतके खूश झाले की त्यांनी मावशींना चहा पाजला. "हिला रंग कळतोय बघा! जागा बदलली, तक्ता बदलला, एवढंच." त्याच दिवशी प्रत्येक पँट्रीत मोठा तक्ता लागला, रंगाच्या चौकोनासमोर भांड्याचं, बेसिनचं, खुर्चीचं आणि पेल्याचं चित्र काढून.

तरी एक पोरगं दर आठवड्याला लाल आणि हिरव्याची अदलाबदल करायचं. सुपरवायझरनं त्याला निष्काळजी ठरवून दोनदा लेखी समज दिली. मामांनी त्याला खिडकीत उभं केलं, पानांतली लाल जास्वंद दाखवली आणि विचारलं, "फूल कुठं हाय?" पोराला ते दिसेना. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष कमी नाहीत, पण नोकरीच्या भीतीनं कोणी सांगत नाही. मामांनी समजपत्रं फाडली आणि शिंप्याकडून सगळ्या लाल फडक्यांच्या कोपऱ्यावर जाड काळी शिलाई मारून आणली. आता अंधारातही बोटांनी कळतं. शिंप्याचं बिल माझ्याकडे आलं, 'रंग दिसण्यासाठी शिलाई' अशा तपशिलानं. मी ते पास केलं.

गेल्या महिन्यात बाहेरून तपासणीला एक साहेब आले. टाय, फायली, हातात पाण्याची एक लिटरची बाटली. दुसऱ्या मजल्यावर तक्ता वाचता वाचता त्यांनी ती बाटली सवयीनं ट्रॉलीवर टेकवली. तक्ता वाचून मागं वळले तर बाटली नाही.

"मावशी, माझी बाटली?"

"कुलपात ठेवली. केमिकलच्या ट्रॉलीवर बिनसहीची सापडली."

"अहो, पाणी आहे ते! लेबल बघा की पाण्याचं."

"लेबल पाण्याचं हाय, म्हणूनच उचलली," मावशी शांतपणे म्हणाल्या.

साहेब हसले, मग चिडले, मग त्यांना खरंच तहान लागली. "वास घेऊन बघा ना, वास नाही त्याला!"

"अनोळखी बाटलीचा वास घ्यायचा न्हाई. शिकवलंय आम्हाला."

मोरीत ओतून टाका, असं त्यांनी सुचवलं. तेही मावशींनी नाकारलं; काय आहे माहीत नसलेलं काही मोरीत ओतायचं नसतं, कारण मोरीत आधी काय गेलं आहे हे कोणाला माहीत? शेवटी मामा आले. आता मामा सोडवतील म्हणून साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. मामांनी बाटली उजेडात धरली, हलवली नाही, उघडली नाही, आणि मावशींना विचारलं, "रजिस्टरला नोंद केलीस काय?"

मावशींनी रजिस्टर पुढं केलं. साहेबांना कपातून चहा मिळाला, हॉटेलला शंभरपैकी किती मिळाले ते मामांनी विचारलंही नाही, आणि ती बाटली अजून स्टोअरच्या ट्रेमध्ये आहे. तिच्यावर मावशींच्या अक्षरातली पट्टी आहे: 'अज्ञात द्रव. १ लिटर. रंग नाही. वास घेतलेला नाही. मालक: पाणी आहे असं म्हणतात.'